तपासणीचं मानधन नेमकं कुणाला?

प्रतिक्रिया: "शिक्षकांना पगार मिळतो, मग पेपर तपासायचे वेगळे पैसे कशाला? मानधन काढून टाका, वार्षिक परीक्षेला मुलामागे पन्नास रुपये पुरतात."

पगारी शिक्षकांबाबत तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पर्यवेक्षण आणि तपासणी हे त्यांचं नेहमीचंच काम. पण विनाअनुदानित शाळांत काही शिक्षक तासिका तत्त्वावर असतात. परीक्षेच्या आठवड्यात तासच होत नाहीत, म्हणजे त्यांची कमाई शून्य. तरीही ते वर्गावर उभे राहतात, गठ्ठे घरी नेतात. मानधन धरायचं ते त्यांच्यासाठी.

आकडे मांडून बघू. पाचवी ते नववी, प्रत्येकी दोन तुकड्या, चाळीस मुलं, आठ विषय. म्हणजे ४०० मुलं आणि ३,२०० उत्तरपत्रिका. चार रुपये दराने सगळ्यांचं मानधन १२,८०० होतं. तेरा शिक्षकांपैकी तीनच तासिकेवर असतील आणि त्यांच्याकडे दोन विषय असतील, तर ८०० उत्तरपत्रिकांचे ३,२०० रुपये. शिवाय तिघांचे आठ दिवसांचे पर्यवेक्षण, शंभर रुपये रोजाने २,४००. एकूण ५,६००. एवढ्याच रकमेवर आपला वाद आहे!

आता ती काढूनच टाका. कोऱ्या उत्तरपत्रिका पाच रुपयांना धरल्या, थोड्या जादा घेतल्या, तर १६,८०० होतात. प्रगतिपुस्तकं आणि निकालपत्रकं मुलामागे वीस रुपयांनी ८,०००. प्रश्नपत्रिकांची छपाई साधारण ९,०००. बेरीज ३३,८००, म्हणजे मुलामागे ८५ रुपये. पन्नासात बसवायचं तर मुलांना उत्तरं घरच्या फुलस्केपवर लिहायला सांगावी लागतील, आणि मग पुरवण्यांचा हिशेब कोण ठेवणार?

उधळपट्टी शोधायचीच असेल तर छपाईत शोधा. रिसो या प्रती छापायच्या यंत्रावर प्रत्येक पानाला नवा मास्टर, म्हणजे छापाचा साचा, लागतो, मग प्रती वीस काढा की ऐंशी. पूर्ण इयत्तेचा पेपर रिसोवर स्वस्त पडतो, पण संस्कृत घेतलेल्या पंधरा-वीस मुलांचा पेपर तिथे टाकला की प्रत महाग होते. तो झेरॉक्सवर काढावा. अंदाजपत्रकात 'छपाई' अशी एकच ओळ असेल तर हे कधीच दिसत नाही, म्हणून पेपरनिहाय प्रती लिहून ठेवाव्यात.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. परीक्षा शुल्क जमा होतं एका आर्थिक वर्षात, आणि एप्रिलमधल्या परीक्षेची बिलं येतात पुढच्या वर्षात. ३१ मार्चला ती रक्कम राखून ठेवली नाही तर शिल्लक फुगलेली दिसते आणि बैठकीत कुणीतरी ती बाकांवर खर्च करून टाकतं. पाचवी-आठवीच्या नापास मुलांची फेरपरीक्षाही त्याच राखीव रकमेतून करायची असते. तिला प्रती थोड्या लागतात, त्यामुळे तीही झेरॉक्सवरच.