टप की धप्प?

वेगाच्या सरावाचा दिवस उजाडला की माझ्या मनात एक लबाड विचार येतो: वॉर्म-अपमध्ये जाणारी ताकद धावण्यासाठीच राखून ठेवली तर? हा प्रयोग मी एकदा केला. सहा वेळा 400 मीटर, प्रत्येक 1 मिनिट 50 सेकंदांत, असा बेत होता. बूट बांधले, घड्याळ दाबलं आणि सुटलो.

पहिली फेरी 1:44 मध्ये झाली. मला वाटलं, आपण जन्मजात वेगवान आहोत, आजवर कोणाच्या लक्षात आलं नाही एवढंच. प्रत्यक्षात शरीर उधारीवर पळत होतं. स्नायूंपर्यंत ऑक्सिजन पुरेसा पोचायला मिनिट-दोन मिनिटं लागतात आणि थंड शरीराने एकदम वेग घेतला की त्या सुरुवातीच्या उधारीचा बोजा आणखी वाढतो. तिसऱ्या फेरीत वसुलीवाले दारात आले. चौथी 2:01, पाचवीत पोटरीने असा चिमटा काढला की सहावी मी बाकावर बसूनच पूर्ण केली.

ट्रॅकवरच्या सरांनी हे सगळं पाहिलं होतं. ते म्हणाले, "पुढच्या वेळी आधी वॉर्म-अप करा." मी तो केला, पण नवसाला बोललेला असावा तसा. पाय ताणून एकेका मिनिटाचं स्ट्रेचिंग, मग मोबाइलवर पाहिलेले चौदा प्रकार, त्यात दोन असे की ते नक्की कोणत्या स्नायूसाठी आहेत हे मला आजही सांगता येणार नाही. पन्नास मिनिटांनी मी घामाने निथळत होतो आणि घरी जायची वेळ झाली होती.

"हे काय चाललंय?" सर म्हणाले. "वेगाच्या आधी एका जागी इतका वेळ ताणून धरलं तर पायातली उसळी थोडी कमी होते. ते नंतर. आणि एवढे प्रकार कशाला? पंचवीस मिनिटांत सगळं आटपलं पाहिजे."

मग त्यांनी जे दिलं ते इतकं साधं होतं की मला थोडं फसवल्यासारखं वाटलं. आधी दहा-बारा मिनिटं अगदी हळू धावणं, गप्पा मारता येतील इतपत. ऊन तापलेलं असेल तर त्यातली तीन-चार मिनिटं कमी. मग पाच-सहा मिनिटं हालचाली. जाळीला धरून पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवायचे, प्रत्येकी दहा वेळा. (पहिल्याच दिवशी मी जाळीलाच लाथ मारली. जाळीचं काही बिघडलं नाही.) त्यानंतर चालत आठ-दहा लंजेस आणि शेवटी ए-स्किप, वीस-वीस मीटर दोनदा.

हा ए-स्किप म्हणजे माझ्या अब्रूचा प्रश्न. एक गुडघा कंबरेच्या उंचीपर्यंत वर, विरुद्ध हात पुढे, दुसऱ्या पायाने छोटी उडी. ऐकायला सोपं आहे. मी मात्र उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे काढत संचलनातल्या गोंधळलेल्या शिपायासारखा वीस मीटर गेलो. सर म्हणाले, "हातांचं नंतर बघू. आधी आवाज ऐका." पाय शरीराच्या खाली, पुढच्या तळव्यावर, पटकन पडला तर 'टप' असा आवाज येतो. पाय पुढे फेकला गेला किंवा आपण मागे रेललो तर टाच आदळून 'धप्प'. माझा तर ढोलच वाजत होता. गुडघा थोडा कमी उचलला, वेग निम्मा केला, तेव्हा कुठे पहिला 'टप' ऐकू आला. त्या एका 'टप'चा मला नोकरी लागल्याइतका आनंद झाला.

"बाकी काही गाळलं तरी चालेल, स्ट्राइड्स गाळायच्या नाहीत," असं सरांनी बजावलं. चार वेळा साधारण 80 मीटर. पहिली हळूहळू वेग वाढवत, आरामात. चौथी आजच्या सरावाच्या वेगापेक्षा किंचित जास्त. प्रत्येकीनंतर चालत परत, म्हणजे श्वास जागेवर. धापा लागल्या तर ती स्ट्राइड नव्हे, चोरून केलेली सातवी फेरी. चौथी स्ट्राइड झाल्यावर पहिली फेरी हा पायांना धक्का राहत नाही, ओळखीचा माणूस वाटतो.

त्या दिवशी फेऱ्या 1:51, 1:50, 1:50, 1:49, 1:50, 1:49 झाल्या. पोटरी शांत.

आता एकच अडचण उरली आहे. स्ट्राइड्स संपल्यावर चार-पाच मिनिटांत सुरुवात करायची असते, नाहीतर कमावलेली ऊब ओसरू लागते. आणि नेमकं तेव्हाच एक सद्गृहस्थ येऊन मला त्यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची हकीकत सांगतात. काल ती अठरा मिनिटं चालली. ते गेल्यावर मी आणखी दोन स्ट्राइड्स केल्या. दुसरी संपते न संपते तोच ते परत वळले. डाव्या गुडघ्याचं सांगायचं राहिलं होतं.