डॉक्सीसायक्लिननं किडनी जात नाही, उपचाराला उशीर केल्यानं जाते

"स्क्रब टायफस हा नवीन व्हायरस आहे. पेशंटजवळ जाऊ नका. सात दिवस गुळवेलीचा काढा द्या, ताप आपोआप उतरतो. डॉक्सीसायक्लिन घेऊ नका, किडनी जाते, मुलांचे दात कायमचे काळे होतात."

भुदरगडच्या आमच्या आत्तींच्या घरी हा मेसेज वाचून काढा सुरू झाला, म्हणून लिहितोय.

व्हायरस नव्हे, जिवाणू आहे. गवतातल्या बारीक किड्याची, चिगर माइटची, अळी चावते आणि हा जिवाणू अंगात शिरतो. रोग्याजवळ बसल्यानं तो पसरत नाही. गोचिडीमुळे किंवा उवांमुळे होणारे टायफस वेगळे, पण त्यांनाही औषध डॉक्सीसायक्लिनच.

आता काढ्याचं बघा. हा जिवाणू आपल्याच पेशींच्या आत राहतो आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या थराला इजा करतो. उपचार झाले नाहीत तर साधारण दुसऱ्या आठवड्यात फुप्फुसं, किडनी, मेंदू यांच्यावर परिणाम दिसू लागतो. म्हणजे मेसेजनं जे सात दिवस वाया घालवायला सांगितलेत, तेच दिवस हातचे असतात. आत्ती वैरणीला जाऊन आल्यावर दहा-बारा दिवसांनी तापल्या. डोकं प्रचंड दुखत होतं, अंग मोडून आलं होतं. डेंगी, मलेरियाच्या तपासण्या निगेटिव्ह. शेवटी डॉक्टरांनी साडीची गाठ बसते तिथं कमरेवर काळी खपली शोधली, सिगारेटचा चटका बसावा तशी. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कुणी सांगत नाही. काखेत, जांघेत, स्तनाखाली बघावंच लागतं. आणि खपली सगळ्यांना असतेच असं नाही, त्यामुळे नसली म्हणून निर्धास्त राहू नये. रक्तातली आयजीएम या प्रतिपिंडांची तपासणीही पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते.

म्हणूनच आयसीएमआरच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना संशय आला की रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू करायला सांगतात: मोठ्यांना डॉक्सीसायक्लिन दिवसाला २०० मिलिग्रॅम, दोन भागांत, सात दिवस. ताप बहुतेकदा ४८ तासांत उतरतो. आत्तींचाही उतरला. तो उतरला नाही, तर निदान पुन्हा तपासायचं. पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रियाक्सोनची इंजेक्शनं इथं चालत नाहीत, हेही सांगून ठेवतो.

किडनीचा मुद्दा तर अगदी उलटा. हे औषध बरंचसं आतड्यांवाटे बाहेर पडतं, त्यामुळे किडनी कमकुवत असली तरी सहसा डोस कमी करावा लागत नाही. घशात अडकून अन्ननलिका मात्र जाळतं. भरपूर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवं होऊ नका.

दातांचं अर्धं खरं मानतो. जुन्या टेट्रासायक्लिननं लहान मुलांचे दात डागाळायचे. डॉक्सीसायक्लिनच्या थोड्या दिवसांच्या कोर्सनं तसं दिसलेलं नाही, आणि वरच्याच सूचनांत मुलांसाठी वजनानुसार तेच दिलंय. गरोदर बाईला मात्र ॲझिथ्रोमायसिन देतात.