स्वतःचीच चिठ्ठी आली म्हणजे घोटाळा?

"भिशीत भेटवस्तूंसाठी ४० जणींच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि कुणाला स्वतःचीच आली, तर समजा चिठ्ठ्या करणारीनं हात मारलाय. बायका जितक्या जास्त, तितकं हे अशक्य. शिवाय चिठ्ठ्या एकमेकींवर अवलंबून असतात, त्यामुळे प्रत्येकीची शक्यता बेरजेत धरता येत नाही."

हा मेसेज बेळगाव-खानापूर भागात फिरत फिरत माझ्या आत्याच्या भिशीत पोचला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं चिठ्ठ्या केल्या होत्या आणि दोघींना स्वतःचीच आली होती. आता हिशेबाची वहीही तिच्याकडून काढून घ्या म्हणतायत! म्हणून लिहिणं भाग आहे.

एकेकीपुरतं बोलायचं तर शक्यता कमी होते, हे कबूल: ४० पैकी १. पण संधी मिळणाऱ्याही ४० जणी आहेत, हे मेसेजवाला सोयीस्कर विसरला. प्रत्येकीपुढे एक आकडा मांडा, स्वतःची चिठ्ठी आली तर १, नाही तर ०. यालाच इंडिकेटर व्हेरिएबल म्हणतात. अशा प्रत्येक आकड्याचं अपेक्षित मूल्य, म्हणजे पुष्कळ सोडती केल्या तर पडणारी सरासरी, ४० पैकी १, आणि ४० जणींची बेरीज बरोब्बर १. बायका १० असोत की ४००, सरासरी एकीला स्वतःची चिठ्ठी येणारच. शेवटी उचलणारीचीही शक्यता, सोडत सुरू होण्याआधी पाहिली तर, ४० पैकी १ च असते.

अवलंबून असण्याचा मुद्दा ऐकायला भारी वाटतो, पण इथं तो गैरलागू आहे. तिघीच घ्या. चिठ्ठ्या ६ प्रकारे वाटल्या जातात: एका प्रकारात तिघींना स्वतःची येते, तीन प्रकारांत एकीला, उरलेल्या दोनांत कुणालाच नाही. नेमक्या दोघींना कधीच येत नाही, कारण दोघींना आली की तिसरीलाही आलीच. याहून घट्ट अवलंबन कुठलं? तरी एकूण ३ + ३ = ६, भागिले ६, सरासरी १. अपेक्षित मूल्यांची बेरीज करायला आकडे स्वतंत्र असावे लागत नाहीत.

निदान एकीला तरी येण्याची शक्यता मात्र या बेरजेतून निघत नाही. तिथं अवलंबन मोजावंच लागतं. फ्रेंच गणिती माँमोर यांनी १७०८ मध्ये १३ पत्त्यांच्या खेळावरून हाच प्रश्न मांडला होता. ४० जणींसाठी उत्तर येतं सुमारे ६३ टक्के. म्हणजे कुणालाच स्वतःची न येणं हेच कमी वेळा घडतं. आणि आत्याच्या भिशीत झालं तसं दोघींना किंवा जास्तींना येणं १०० सोडतींत सुमारे २६ वेळा होतं.

शंका घ्यायचीच असेल तर ती चार किंवा जास्त जणींना स्वतःची आली तर घ्या. नीट ढवळलेल्या चिठ्ठ्यांत तसं १०० सोडतींत जेमतेम दोनदा होतं. आणि तेव्हाही आधी बघा, चिठ्ठ्या ज्या क्रमानं लिहिल्या त्याच क्रमानं डब्यात पडून होत्या का आणि बायकाही त्याच क्रमानं उचलायला आल्या का.