खाते हलले, जुन्या नोंदी का हलल्या नाहीत : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : “सर, मास्टोडॉनवरचे नवीन खात्याचे निवेदन वाचले. एकीकडे फॉलोअरांनी काही करायची गरज नाही म्हणता आणि खाली पायऱ्याही देता. नवीन खाते उघडून पाहिले तर मोजून पाच-सहा पोस्ट. इतक्या वर्षांचे नांदूर मधमेश्वरचे पक्षी गेले कुठे? मेहनत नको म्हणून सगळे टाकून दिलेत, असेच वाटते. शिवाय हे खाते तुमचेच कशावरून? आणि जुने एकदाचे बंद तरी करा, दोन-दोन खात्यांचा घोळ कशाला?” – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर :

सप्रेम नमस्कार. आपल्या प्रश्नांपैकी ओळखीचा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याचे उत्तर नीट समजले की जुने खाते मी अजून का ठेवले आहे, हेही त्यातच येते.

मास्टोडॉन हे एकमेकांशी जोडलेल्या अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारे समाजमाध्यम आहे. तिथे एका सर्व्हरवरचे खाते दुसऱ्या सर्व्हरवर हलवताना दोन्ही बाजूंनी कबुली द्यावी लागते. आधी नव्या खात्याच्या सेटिंगमध्ये “Moving from a different account” या ठिकाणी जुन्या खात्याचे पूर्ण हँडल, म्हणजे @नाव@सर्व्हर असा पत्ता, नोंदवायचे असते. त्याचा अर्थ “ते जुने खाते माझेच” एवढाच होतो. त्यानंतर जुन्या खात्यात लॉगिन करून “Move to a different account” येथे नवे हँडल आणि जुन्या खात्याचा पासवर्ड द्यायचा असतो. यातली पहिली कबुली जगातला कोणीही देऊ शकतो; उद्या एखाद्याने खाते उघडून “मी आधी अमुक होतो” असे लिहिले, तर त्याला अडवणारे कोणी नाही. दुसरी कबुली मात्र ज्याच्याकडे जुन्या खात्याचा पासवर्ड आहे तोच देऊ शकतो. म्हणून पडताळणी नव्या खात्यापासून न करता जुन्यापासून करावी. माझे जुने प्रोफाइल उघडले की वरच्या बाजूला हे खाते अमुक ठिकाणी हलले आहे अशी पट्टी दिसते आणि तिथून नव्या खात्यावर जाता येते. त्या पट्टीतून जिथे पोहोचाल ते खाते माझे. नाव आणि फोटो तेच ठेवून आलेली फॉलोची विनंती, एवढा पुरावा पुरेसा मानू नये.

दुसरी खूणही आहे. या संकेतस्थळाच्या मुख्य पानावर मी पुढील ओळ टाकली आहे. सर्व्हरचे नाव येथे नमुन्यादाखल घेतले आहे.

```
<a rel="me" href="https://nava.example/@nandurpakshi">मास्टोडॉन</a>
```

नव्या प्रोफाइलमध्ये या संकेतस्थळाचा पत्ता आहे आणि संकेतस्थळावर त्या प्रोफाइलचा. दोन्ही एकमेकांकडे बोट दाखवत असल्याची खात्री सर्व्हरने केली, की प्रोफाइलमधला पत्ता हिरव्या रंगात, बरोबरच्या खुणेसह दिसतो. ही खूण विकत मिळत नाही. संकेतस्थळ आणि खाते एकाच माणसाच्या ताब्यात आहेत, यापलीकडे ती काही सांगतही नाही. पण आपल्याला तेवढेच हवे आहे.

आता “काही करायची गरज नाही” आणि “पायऱ्या”, या दोहोंविषयी. ही दोन्ही वाक्ये वेगवेगळ्या वाचकांसाठी आहेत, हे मी उदाहरणाने सांगतो. समजा, देवळाली कॅम्पातील एक पक्षीमित्र तिसऱ्याच एका सर्व्हरवरून मला फॉलो करतात. मी जुन्या खात्यातून स्थलांतराचा आदेश दिला, की माझा जुना सर्व्हर त्यांच्या सर्व्हरला तसा संदेश पाठवतो. त्यांचा सर्व्हर त्या संदेशावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. तो माझे नवे प्रोफाइल मागवतो आणि त्यात जुन्या खात्याची नोंद आहे का, हे पाहतो. नोंद सापडली, की त्या पक्षीमित्रांच्या वतीने तो नव्या खात्याला फॉलो करतो आणि जुन्याचा फॉलो काढून टाकतो. त्यांनी फोन हातातही घेतलेला नसतो. बहुतेक वाचक याच प्रकारात मोडतात आणि पहिले वाक्य त्यांच्यासाठी होते.

पण ही साखळी तीन ठिकाणी तुटू शकते. वाचकाचा सर्व्हर त्या काळात बंद असला, तर संदेश पुन्हा पुन्हा पाठवला जातो खरा, पण अखेरीस पाठवणारा थकतो आणि तो वाचक जुन्याच खात्यापाशी राहतो. काही वाचक मास्टोडॉनशी जोडल्या जाणाऱ्या दुसऱ्या एखाद्या प्रणालीवर असतात आणि त्या प्रणालीला हा स्थलांतराचा संदेश कळेलच असे नाही. तिसरा प्रकार आरएसएसने वाचणाऱ्यांचा. प्रोफाइलच्या पत्त्यापुढे `.rss` जोडून अनेक जण खाते न उघडताच माझ्या नोंदी वाचतात. ते फॉलोअरांच्या यादीत नसतातच, त्यामुळे त्यांना हलवणार कोण? त्यांनी आपल्या फीड-वाचकात जुना पत्ता काढून नवा घालायचा आहे.

आपण हललात की नाही, हे ओळखायला एकच गोष्ट पाहावी. नवे प्रोफाइल आपल्या स्वतःच्या सर्व्हरवरून, लॉगिन केलेल्या अवस्थेत उघडावे. फॉलो करत असल्याचे तिथे दिसले, तर काम झाले. “Follow” असे बटण दिसले, तर आपण मागे राहिला आहात. मोठ्या यादीचे काम रांगेने चालत असल्याने एखादा दिवस थांबून पाहावे. तरीही बटण तसेच असेल, तर जुन्या प्रोफाइलवरील पट्टीतून नव्या खात्यावर जाऊन स्वतः फॉलो करावे. शोधपट्टीतून जायचे असेल तर हँडल पूर्ण, म्हणजे दोन्ही @ चिन्हांसह टाकावे. नुसत्या नावाने शोधल्यास दुसऱ्या सर्व्हरवरील त्याच नावाचा भलताच माणूस समोर येतो. निवेदनातल्या पायऱ्या एवढ्यासाठीच होत्या. ज्यांना माझ्याकडून फॉलोची विनंती पुन्हा आली आहे, त्यांनीही गोंधळून जाऊ नये. मी ज्यांना फॉलो करतो ती यादी आपोआप हलत नाही. ती जुन्या खात्यातून सीएसव्ही फाइल म्हणून उतरवून नव्यात भरावी लागते आणि ज्यांची खाती मंजुरीवर चालतात त्यांच्याकडे विनंती नव्याने जाते.

मुख्य आक्षेप पक्ष्यांचा आहे. मास्टोडॉनवर फॉलोअर हलतात, पोस्ट हलत नाहीत. जुन्या खात्याचा संपूर्ण संग्रह सात दिवसांतून एकदा मागवता येतो आणि तो मी मागवला आहे. त्यात प्रत्येक पोस्टचा मजकूर आणि छायाचित्रे आहेत. परंतु तो संग्रह नव्या खात्यात भरण्याची सोयच मास्टोडॉनमध्ये नाही. प्रत्येक पोस्टची ओळख म्हणजे जुन्या सर्व्हरवरील तिचा पत्ता असतो आणि तिच्याखालची प्रत्येक उत्तर-पोस्ट त्याच पत्त्याला बांधलेली असते.

यावर “मग हाताने पुन्हा टाका” असे आपण म्हणाल, आणि मेहनतीचा मुद्दा तिथेच येतो. नांदूर मधमेश्वरच्या तुतवाराची एक जुनी पोस्ट आपल्याला आठवत असेल. चापडगावच्या बाजूला, चिखलाच्या कडेला बसलेला पक्षी, आणि तो ठिपकेवाला तुतवार की हिरवा, असा माझा प्रश्न. खाली बरीच चर्चा झाली, आणि एका वाचकांनी उडतानाच्या दुसऱ्या छायाचित्रात पंखाखालचा भाग काळपट दिसतो हे दाखवून तो हिरवा तुतवार असल्याचे पटवून दिले. ठिपकेवाल्याचा पंखाखालचा भाग फिकट असतो. त्या पोस्टचे मोल त्या चर्चेत आहे, माझ्या छायाचित्रात फारसे नाही. ती पोस्ट मी आज नव्या खात्यावर टाकली, तर छायाचित्र येईल, प्रश्न येईल. उत्तर मात्र जुन्या पत्त्यावरच राहील.

तारखेचा घोटाळा तर याहून वाईट. मास्टोडॉनवर मागील तारखेने पोस्ट टाकता येत नाही. हिवाळी नोंदी आज ओळीने टाकल्या, तर ऐन आषाढात जलाशयावर तलवार बदकांचे थवे उतरल्याची नोंद माझ्या नावावर जमा होईल. पक्ष्यांच्या नोंदीतून तारीख काढून घेतली, की मागे फक्त शोभेचे चित्र उरते. शिवाय शेकडो जुन्या पोस्ट सलग पडल्या, तर नुकतेच सुखरूप पोहोचलेले फॉलोअर पहिल्या दोन दिवसांतच निघून जातील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

म्हणून मी वेगळा मार्ग धरला आहे. संग्रहातील निवडक नोंदी मूळ तारखेसह याच संकेतस्थळावर महिनावार लावत आहे. उत्तरे देणाऱ्यांचे शब्द त्यांचे आहेत, तेव्हा त्यांची उत्तरे त्यांना विचारूनच घेत आहे. काम हळू चालले आहे, हे मान्य.

राहिला जुने खाते बंद करण्याचा प्रश्न. ते आजच काढून टाकले, तर वर सांगितलेली पट्टी नाहीशी होईल, मागे राहिलेल्यांना वाट दाखवणारे काही उरणार नाही आणि खाते काढल्याचा संदेश इतर सर्व्हरांकडे गेला की तिथल्या माझ्या पोस्टच्या प्रतीही पुसल्या जातील. ठेवले तर घोळ होत नाही, कारण हललेल्या खात्यावरून मला नवे काही लिहिता येत नाही. ते वाचण्यापुरतेच उरते.

तरी ते कायम राहणार नाही. जुना सर्व्हर चालवणाऱ्यांनी तो बंद करण्याचे जाहीर केले आहे आणि स्थलांतराचे कारणही तेच आहे. joinmastodon.org वरील यादीत असणाऱ्या सर्व्हरांनी बंद करण्यापूर्वी किमान तीन महिन्यांची सूचना देण्याचे मान्य केलेले असते, आणि हे तीन महिने फार मोलाचे असतात : सर्व्हर एकदा बंद पडला, की स्थलांतराचा आदेश देणारेच कोणी उरत नाही आणि सगळे फॉलोअर जागच्या जागी तुटतात. त्यामुळे मुदतीच्या शेवटच्या आठवड्याची वाट पाहणे मला शहाणपणाचे वाटले नाही. दुसऱ्या बाजूने, एकदा हलल्यावर तीस दिवस पुन्हा हलता येत नाही, म्हणून नवा सर्व्हर निवडण्यात वेळ घेतला. निवेदन काहींना उशिरा आल्यासारखे वाटले, ते त्यामुळे.

शेवटी एक गोष्ट, जी निवेदनात दोनच शब्दांत होती. खासगी संदेशही हलत नाहीत. घरट्यांच्या जागा मी उघड पोस्टमध्ये कधीच लिहीत नाही. त्या काही जणांना खासगी संदेशातून कळवल्या आहेत. जुन्या सर्व्हरवरच ज्यांची खाती आहेत, त्यांच्याकडचे हे संदेश सर्व्हरबरोबरच जातील. त्यांनी त्या जागा सर्व्हर बंद होण्यापूर्वी आपल्या वहीत उतरवून घ्याव्यात, आणि संदेशाचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकू नये, ही विनंती.