मराठी सक्तीची झाली, पण पत्र कळतंय का?

शाळेतल्या एका मित्राने विचारलं: "तिकडे इंग्लंडमध्ये सरकारी पत्रं कशी येतात रे? इथे आता ऑफिसात मराठी सक्तीची केलीय. त्याने कारभार सुधारेल असं वाटतं का तुला?"

2025 च्या फेब्रुवारीत शासनाने कार्यालयांत मराठी बोलण्या-लिहिण्याचा आदेश काढला, तेव्हा मला आनंदच झाला. पण तहसील कार्यालयातली पत्रं त्याआधीही मराठीतच निघत होती, आणि वाचणाऱ्याला तीच कळत नव्हती. माझा भाचा अशाच एका कार्यालयात महसूल सहायक आहे. लोक अजून त्याला क्लार्कच म्हणतात. गेल्या वर्षी त्याच्या टेबलावर जे घडलं ते सांगतो, त्यात तुझं उत्तर आहे.

एका निवृत्त नर्सबाईंचा अर्ज होता. राहायला इंदूरला, वडिलांची जमीन गावी. वडील गेल्यावर त्यांनी वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज दिला, काही झालं नाही म्हणून तहसीलला लिहिलं. तिथून उत्तर गेलं: "आपला संदर्भीय अर्ज नियमोचित कार्यवाहीस्तव मंडळ अधिकारी यांचेकडे वर्ग करण्यात आला आहे, सबब आपणांस माहितीस्तव." मजकूर भाच्यानेच लिहिला होता. जुन्या फायलीतून उतरवला, खाली साहेबांची सही घेतली. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि बाईंच्या कामाचाही एकही नव्हता.

चिडून लिहिलेली पत्रं त्या टेबलाला नवीन नाहीत. मुख्यमंत्र्यांना प्रत, जिल्हाधिकाऱ्यांना प्रत, आत्मदहनाचा इशारा. बाईंचं पुढचं पत्र मात्र एका पानाचं होतं. वर गाव, गट क्रमांक आणि त्या कार्यालयाच्याच उत्तराचा जावक क्रमांक. मग दोन वाक्यांत हकिगत. मग तीन प्रश्न: माझा अर्ज आज नेमका कोणाकडे आहे? कोणता कागद कमी आहे? तो मी पोस्टाने पाठवला तर चालेल का? आणि शेवटी, "आपल्याकडे कामाचा ताण असतो हे मी स्वतः सरकारी दवाखान्यात राहून जाणते. सवडीने पण या तीन प्रश्नांना उत्तर द्यावे, ही विनंती."

"मामा, मला फाईल शोधावीच लागली नाही," भाचा सांगत होता. "क्रमांक समोरच होता. आणि तीन प्रश्न असे की 'कार्यवाहीस्तव' लिहिलं असतं तर मलाच लाज वाटली असती."

त्याने तलाठ्याला फोन लावला. अडचण पाच मिनिटांत कळली. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव पांडू आणि मृत्यूच्या दाखल्यावर पांडुरंग. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र हवं होतं, आणि ते बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. भाच्याने त्याच तीन प्रश्नांच्या क्रमाने उत्तर लिहिलं. कागद आल्यावर पुढे काय होईल तेही लिहिलं: फेरफार धरला जाईल, हितसंबंधितांना नोटीस निघेल, हरकतीसाठी 15 दिवस द्यावे लागतात, कुणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतील.

यावर कार्यालयात जे झालं ते मला पत्राहून जास्त महत्त्वाचं वाटतं. भाच्याने 'वर्ग केले' या छापाच्या सगळ्या उत्तरांत चार ओळी घालायचं ठरवलं: अर्ज आता कोणाकडे, काय कमी आहे, पुढची पायरी कोणती, आणि निर्णय पटला नाही तर अपील कुठे. अव्वल कारकून जुन्या, कायदा तोंडपाठ. त्या म्हणाल्या, "यात नवीन काय? माहिती अधिकाराच्या कायद्यात कलम 4 मध्येच आहे, ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारण कळवायचं. आपण कळवत नाही, एवढंच." आणि अपिलाची ओळ त्यांनीच दुरुस्त केली: उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, 60 दिवसांत.

नायब तहसीलदारांची हरकत वेगळी होती. "लेखी कारण दिलं की वकील तेच पान अपिलाला जोडतो. आपणच आपल्या विरुद्ध पुरावा का द्यायचा?" हे अर्धंच खरं आहे. पान जोडलं जातं हे खरं. पण कारण बरोबर असेल तर ते पान कार्यालयाच्याच बाजूने बोलतं, आणि कारणच नसलेला निर्णय अपिलात लवकर पडतो. काम कधी होईल याची तारीख लिहायला मात्र त्यांनी साफ नकार दिला, आणि तिथे मी त्यांच्या बाजूचा आहे. सख्ख्या भावाने हरकत घेतली की प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं, सुनावण्या लागतात, मग कसली तारीख पाळणार? शेवटी कायद्याने ठरलेले 15 दिवस तेवढे राहिले.

हे सगळं मी फोनवर ऐकत असताना मागून माझे मेहुणे ओरडले, "अरे, माझ्या पेन्शनच्या फरकाचं विचार त्याला!" त्यांचं खातं जिल्हा परिषदेचं, भाचा महसुलात. पण घरात एक सरकारी नोकर असला की तो सगळ्या खात्यांचा.

आता इकडचं. मी इंग्लंडमध्ये एका नगरपालिकेच्या घरपट्टी विभागात काम करतो, पत्रं हेच माझं पोट. इथली सोपी भाषा आभाळातून पडलेली नाही. सरकारी लेखन सुधारावं म्हणून ट्रेझरी म्हणजे इथल्या अर्थखात्याने अर्नेस्ट गोवर्स या सनदी अधिकाऱ्याकडून मार्गदर्शन लिहून घेतलं, ते 1948 साली छापलं गेलं. तरी 1979 मध्ये क्रिसी मॅहर या बाईंना पार्लमेंटसमोरच्या चौकात सरकारी फॉर्म फाडून आंदोलन करावं लागलं. म्हणजे वरून आलेल्या उपदेशाला तीस वर्षं पुरली नाहीत.

आणि आमच्या सोप्या पत्रांचं फार कौतुकही नको. घरपट्टीचा हप्ता चुकला की आमचं स्मरणपत्र जातं: सात दिवसांत भरा. नाही भरला तर आणखी सात दिवसांनी हप्त्यांची सवलत जाते आणि वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते, हा आजवरचा नियम. लहान मुलालाही कळेल अशी भाषा, वर "आपण अडचणीत असाल तर आम्हाला कळवा" अशी गोड ओळ. ज्याची नोकरी गेलीय त्याला ते पत्र पूर्ण कळतं, म्हणूनच त्याची झोप उडते. कळवायला फोन केला तर अर्धा तास संगीत ऐकावं लागतं. माझ्याकडे भाषा आहे, भाच्याकडे तलाठ्याचा नंबर आहे. बाईंचं काम नंबराने झालं.

म्हणून मित्रा, सक्तीच्या आदेशाला माझा विरोध नाही, पण तो उत्तराची भाषा ठरवतो, उत्तरात काय हवं ते नाही. 'कार्यवाहीस्तव' लिहिणारा माणूस त्या आदेशाचं शंभर टक्के पालन करतोय.

बाईंच्या नावाची नोंद झाली. चार ओळींचा नमुना आता त्या शाखेच्या संगणकात आहे, शेजारच्या दोन टेबलांनीही उचललाय, निवडणूक शाखेने नाही. खिडकीवरची गर्दी कमी झाली असं शिपाई म्हणतो, अव्वल कारकून म्हणतात तो पेरणीचा हंगाम होता. भाच्याची बदली झाल्यावर काय, यावर दोघांचंही मत नाही. मी त्याला पाचवी ओळ सुचवली: उत्तर लिहिणाऱ्याचं नाव आणि फोन. आमच्या पत्रांत तेच नसतं. तो म्हणाला, "मामा, नाव टाकतो. नंबर टाकला तर रात्री दहालाही लोक सातबारा विचारतील." सध्या तो कार्यालयाचा नंबर देतोय, दुपारी तीन ते पाच.