ए काय, ई काय, पाणी तर जाणारच

परवा सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस पडली: 'वॉटर सप्लाय विल बी इफेक्टेड टुमारो.' अफेक्टेड नव्हे, इफेक्टेड. ई लावून. तुम्हालाही कधी ना कधी अशी नोटीस लिहायची वेळ येणार, म्हणून थोडं मार्गदर्शन.

सर्वप्रथम, दोन्ही शब्द एकच समजा. 'रेन अफेक्ट्स द क्रॉप' यात पाऊस पिकाला काहीतरी करतोय, म्हणून ते क्रियापद आणि त्याला ए. 'द इफेक्ट ऑफ रेन' यात पावसामुळे जे झालं त्याचं नाव आहे, म्हणून ते नाम आणि त्याला ई. असल्या गोष्टी शाळकरी पोरांनी बघाव्यात, कमिटी मेंबरांनी नाही.

शब्दाच्या आधी 'द' किंवा 'ॲन' असेल तर बहुतेक वेळा ई येतो, ही खूण कुणाला कळू देऊ नका.

'ऑन' सढळ हाताने घाला. 'नॉइज अफेक्ट्स ऑन स्लीप' कसं भारदस्त वाटतं! नुसतं 'अफेक्ट्स स्लीप' पुरतं आणि 'ऑन' लागतो तो 'ॲन इफेक्ट ऑन स्लीप' म्हणताना, हे विसरून जा.

मेंटेनन्स वाढवताना 'विथ अफेक्ट फ्रॉम फर्स्ट एप्रिल' लिहा. ए लावून. तिथे खरं तर ई लागतो, हेही विसरून जा.

आणि कुणी चूक दाखवलीच, तर 'स्पेलचेकने लाल रेघ मारली नाही' असं ठणकावून सांगा. मला हेच सांगण्यात आलं. अरे, मारेल कशी? दोन्ही शब्दांचं स्पेलिंग बरोबरच आहे! घोटाळा असा आहे की ई वाल्या शब्दाचंही क्रियापद होतं आणि त्याचा अर्थ घडवून आणणे. 'द न्यू मॅनेजर इफेक्टेड मेनी चेंजेस', म्हणजे त्याने बदल घडवून आणले. बँक 'पेमेंट हॅज बीन इफेक्टेड' लिहिते, म्हणजे पैसे चुकते झाले, अडकले नाहीत. तेव्हा आमच्या नोटिशीचा सरळ अर्थ काय? उद्या पाणीपुरवठा करण्यात येईल! पाणी जाणार म्हणून काढलेली नोटीस पाणी येणार म्हणून सांगतेय, आणि खाली चौदा अंगठे. वर 'भावना पोचल्या ना?' भावना पोचल्या हो, पण पाणी किती वाजता जाणार, किती वाजता येणार, ते कुठंय?

मराठीत लिहा ना सरळ! 'उद्या पाणी येणार नाही, भरून ठेवा.' झालं. इंग्रजीच मिरवायचं असेल, तर पाठवण्याआधी त्या शब्दाच्या जागी 'रिझल्ट' घालून वाचा. 'द रिझल्ट ऑफ रेन' चालतं, तिथे ई. 'वॉटर सप्लाय विल बी रिझल्ट' चालतं का? नाही ना? मग 'डिस्टर्ब्ड' घालून बघा. बसतंय, म्हणजे ए. एवढंही होत नसेल तर नोटिसा लिहायची हौस सोडा, दुसऱ्या कुणाला तरी लिहू द्या. आणि वेळ टाका हो त्यात, वेळ!