चर्चा करू या

नकार पचवता येतो. 'नाही' म्हटलं की माणूस दोन दिवस चडफडतो, घरी भांडी जरा जोरात ठेवतो आणि मग कामाला लागतो. होकार आला तर प्रश्नच मिटला. पण रजेचा अर्ज केल्यावर मॅनेजरकडून एका ओळीत 'लेट्स डिस्कस' आलं, की माणूस त्रिशंकू होतो. धड ऑफिसात नाही, धड रजेवर नाही.

माझा अर्ज साधा होता. सोमवार 20 ते शुक्रवार 24, पाच दिवस. जुन्या मित्रांबरोबर कुठेतरी जायचं, एवढंच. कारणाच्या रकान्यात मी 'वैयक्तिक' लिहिलं होतं, कारण 'मित्रांबरोबर लोळायचंय' हे कितीही खरं असलं तरी रकान्यात शोभत नाही. पोर्टलवर अर्ज टाकला, सोबत एक मेलही केली. पोर्टलवर पिवळा ठिपका उमटला आणि दुपारी मेलला उत्तर आलं: 'लेट्स डिस्कस.' पूर्णविरामासकट.

त्या पूर्णविरामावर मी बराच वेळ घालवला. साहेब एरवी पूर्णविराम देतात का, हे पाहायला त्यांच्या जुन्या मेल काढल्या. 'ओके' ला दिलेला नव्हता. 'गुड जॉब' ला तर उद्गारवाचक चिन्ह होतं. मग इथेच का? डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन नुसतं 'हं' म्हणतात, तेव्हा आपण त्यांच्या भुवया वाचायला लागतो ना, तसं माझं झालं.

ऑफिसात अशा वेळी जाणकारांची वाण नसते. शेजारच्याने स्क्रीनकडे एक नजर टाकून निकाल दिला, "नाहीच म्हटलंय रे. फक्त लेखी नाही म्हटलं." पलीकडचा म्हणाला, "छे, चर्चा करू म्हणजे हो. नाही म्हणायचं असतं तर पोर्टलवर लाल केलं असतं." तिसऱ्याने आवाज खाली आणून विचारलं, "अप्रेझल कधी आहे तुझं?" आणि तो कॉफी घ्यायला निघून गेला. आयुष्यात काही माणसं एवढ्याचसाठी येतात. घरी बायकोला मेल दाखवली. तिने वाचली, फोन परत दिला आणि म्हणाली, "मग बोल ना त्यांच्याशी." इतक्या गहन मजकुराचा इतका उथळ अर्थ लावल्याबद्दल मला तिचा रागच आला.

मेलच्या तळाशी मात्र एक बारीक ओळ होती, जी आम्हा भाष्यकारांपैकी कुणीच वाचली नव्हती: 'सेंट फ्रॉम माय फोन.' म्हणजे साहेबांनी हे कुठल्याशा मीटिंगमध्ये, टेबलाखाली, अंगठ्याने लिहिलं होतं. ज्या वाक्यावर आम्ही चौघांनी टीकाग्रंथ लिहिला, ते लिहायला त्यांना चार सेकंद लागले असतील.

इथून मी जरा त्यांच्या बाजूने विचार करायला लागलो. मीही एकदा एका छोट्या टीमचा तात्पुरता प्रमुख होतो, त्यामुळे पलीकडून हा अर्ज कसा दिसतो ते मला ठाऊक आहे. पलीकडे रजा दिसत नाही. पलीकडे कॅलेंडरमधला पाच चौकोनांचा खड्डा दिसतो. त्या खड्ड्यात काय पडणार आहे, हे अर्जात लिहिलेलं नसतं. 'हो' म्हणावं तर त्या आठवड्यातलं काम कोण करणार ते माहीत नाही. 'नाही' म्हणावं तर कारण द्यावं लागतं, आणि ते कारण पुढे कुणी एचआरला दाखवलं तर? शिवाय टीममधल्या दुसऱ्या कुणी त्याच तारखा तोंडी मागून ठेवलेल्या असतात, किंवा वरच्या साहेबांनी अजून जाहीर न केलेलं काहीतरी त्याच आठवड्यात ठेवलेलं असतं. यातलं काहीही मेलमध्ये लिहिण्यासारखं नसतं. मग अंगठा आपोआप 'लेट्स डिस्कस' कडे जातो. ते उत्तर नसतं. मनात अडकलेला एक प्रश्न असतो आणि तो नेमका कोणता, हे आपल्याला सांगायचं राहून गेलेलं असतं.

म्हणून पूर्णविराम पाहण्यापेक्षा दुसऱ्या दोन गोष्टी पाहाव्यात. वेळ दिली आहे का? 'लेट्स डिस्कस ॲट फोर' असेल, तर बहुधा त्यांच्याकडे खरी अडचण आहे आणि ती त्यांना संपवायची आहे. वेळच दिली नसेल, तर विषय त्यांच्या दृष्टीने तूर्तास संपला आहे. दुसरं म्हणजे, मेलमध्ये कुणाला नव्याने घातलं आहे का? तुमच्या जागी काम करू शकेल असा सहकारी सीसीत दिसला, तर चिंता कामाची आहे. एचआर दिसलं, तर चिंता शिल्लक रजेची किंवा नियमाची असू शकते. पण हो की नाही, हे यातल्या कशातूनच कळत नाही.

आता उत्तर. सगळ्यात धोकादायक उत्तर म्हणजे 'शुअर सर'. दिसायला किती गुणी! पण यानंतर साहेब समजतात की हा येईल बोलायला आणि आपण समजतो की साहेब बोलावतील. दोघंही सभ्य असले तर हा अर्ज निवृत्तीपर्यंत पिवळा राहू शकतो. 'काही प्रॉब्लेम आहे का सर?' असं विचारलं तर 'नाही नाही, डिस्कस करू' असं येतं, म्हणजे मजल दरमजल करत पुन्हा त्याच मुक्कामी. 'तिकिटं काढली आहेत' हे खरं असलं तरी धमकीसारखं वाचलं जातं. आणि लांबलचक खुलासा तर करूच नये. मित्र किती वर्षांचे, कुणाला किती मुश्किलीने सुट्टी मिळाली, मागची सहल कशी रद्द झाली. साहेबांनी कारण विचारलेलंच नसतं. आपण जेवढी जास्त कारणं देतो, तेवढं त्यांना वाटतं की ही बाब तोलून पाहण्यासारखी आहे.

मी पाठवलेलं उत्तर असं होतं:

"सर, आज 4 ला किंवा उद्या 11 च्या आधी दहा मिनिटं मिळतील का? रजा सोमवार 20 ते शुक्रवार 24 अशी हवी आहे. त्या आठवड्यात माझ्याकडे मासिक रिपोर्ट आहे, तो शुक्रवारी जातो. त्यासाठी कोण थांबू शकेल याचं मी बोलून ठेवलं आहे, भेटल्यावर सांगतो. तिकिटं 10 तारखेपर्यंत काढायची आहेत, म्हणून 8 पर्यंत ठरलं तर बरं होईल. अडचण तारखांची आहे की कामाची, एवढं कळवलंत तर तयारीने येतो."

शेवटच्या वाक्यावर माझा जीव आहे. त्याला 'हो' किंवा 'नाही' असं उत्तरच देता येत नाही. तारखा की काम, यातलं एक बोट धरावं लागतं. आणि साहेबांनी धरलं. पाच मिनिटांत अंगठा पुन्हा हलला: 'काम. 4 ला ये.' पूर्णविराम दोन होते, पण आता मी त्या मोहातून बाहेर आलो होतो.

चारला गेलो. पहिली सात-आठ मिनिटं नव्या खुर्च्यांच्या पाठी किती कडक आहेत यावर झाली. मग साहेब म्हणाले, "तुझ्या रजेचं काही नाही रे. रिपोर्टचं आहे."

"शेजारची करेल सर, मी तिच्याशी बोललोय. त्या आठवड्यात ती आहे."

"तिने आकडे जुळवलेत कधी? गुरुवारी दुपारी आकडे येतात, आणि दर वेळी दोन-तीन ठिकाणी घोळ असतो."

हे खरं होतं. सगळं आधी करून ठेवतो, असं म्हणण्यात अर्थ नव्हता, कारण गुरुवारचे आकडे बुधवारी कुणाकडेच नसतात. तेव्हा मी म्हटलं, की 16 तारखेला गेल्या महिन्याचे आकडे घेऊन तिच्याकडून एकदा पूर्ण रिपोर्ट करून घेतो. जिथे अडेल ते तेव्हाच लिहून ठेवू.

"आणि तू फोनवर असशील ना?"

हा तो प्रश्न, ज्यावर कित्येक रजा बुडाल्या आहेत. 'असेन की' म्हटलं तर डोंगरावर लॅपटॉप घेऊन जावा लागतो. 'नसेन' म्हटलं तर चर्चा नव्याने सुरू होते. "गुरुवारी 5 ते 6 असेन सर," मी म्हणालो. "आकडे तोपर्यंत आलेले असतील. बाकी दिवस नेटवर्कचा भरवसा नाही." एक तास मोजून दिला की समोरच्यालाही तो घेताना संकोच होत नाही.

साहेब थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "शुक्रवारी मीही नाहीये."

म्हणजे खरा गुंता तो होता. रिपोर्ट जायच्या आधी त्यावर साहेबांची मंजुरी लागते, आणि शुक्रवारी बनवणाराही नाही, मंजूर करणाराही नाही. मी विचारलं, "तुमची रजा पक्की झाली?" तर म्हणाले, "कुठली. वर पाठवलीय, अजून पिवळीच आहे." त्यांच्या चेहऱ्यावर मला ओळखीचे भाव दिसले. वरून त्यांना काय उत्तर आलं असेल, हे मी विचारलं नाही. काही जखमांवर बोट ठेवू नये. ठरलं असं, की रिपोर्ट गुरुवारी रात्रीच तयार व्हावा आणि साहेबांनी निघण्याआधी तो घरूनच पाहावा.

"चल, झालं तर मग," साहेब उठत म्हणाले.

'झालं तर मग' हे पोर्टलला ऐकू येत नाही. जागेवर येऊन मी चार ओळींची मेल टाकली: ठरल्याप्रमाणे रजा 20 ते 24, सरावाचा रिपोर्ट 16 ला, गुरुवारी 5 ते 6 फोनवर, मंजुरी गुरुवारी रात्री, पोर्टलवर अर्ज मंजूर करावा ही विनंती. शेजारचीला सीसीत घेतलं, म्हणजे तिलाही आपण काय कबूल केलंय ते दिसावं. साहेबांनी त्यावर लगेच अंगठा दाखवला. ठिपका मात्र पिवळाच. मॅनेजर मंडळी रजा मनातल्या मनात मंजूर करतात आणि त्यांना मनापासून वाटतं की बटण दाबून झालंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या टेबलाशी जाऊन "सर, तेवढं पोर्टल" म्हणालो. त्यांनी लॉगिन केलं, पासवर्डची मुदत संपली होती. नवा पासवर्ड जुन्यासारखा आहे म्हणून पोर्टलने नाकारला. मग एक कॉल आला. मी उभाच राहिलो. अशा वेळी 'नंतर करा सर' म्हणणारा माणूस रजेच्या पहिल्या दिवशी गैरहजर म्हणून लागतो.

नऊ तारखेला ठिपका हिरवा झाला. तिकिटं मी त्यानंतरच काढली. खिडकीच्या जागा तोपर्यंत मित्रांनी वाटून घेतल्या होत्या, आणि त्याबद्दल काहीही बोलायला गेलं की ग्रुपवर उत्तर येत होतं, "भेटल्यावर बघू."